बचत खात्यातली रोकड आणि कलम १४८-ए ची नोटीस

प्रश्न : माझ्या वडिलांचे बर्डीवर तयार कपड्यांचे छोटे दुकान आहे. त्यांनी कधी आयकर विवरणपत्र भरलेले नाही. मार्चमध्ये त्यांना आयकर खात्याची इंग्रजी नोटीस आली, तिचा फोटो पाठवत आहे. त्यात '148A(1)' आणि 'A.Y. 2022-23' असे लिहिले आहे. ही नोटीस कशाची, उत्तर कधीपर्यंत द्यायचे आणि कोणते कागद लागतील?
— एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : मुदत संपण्याआधी तुम्हाला फोनवर हे सांगितलेच होते. असाच कागद हातात असलेल्या इतर वाचकांसाठी ते सविस्तर छापत आहोत.

फोटोत फक्त पहिले पान होते. खरा मजकूर मात्र मागच्या परिशिष्टात असतो. ज्या माहितीवरून खात्याला संशय आला, ती माहिती या नोटिसीसोबत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून सगळी पाने मागवली. परिशिष्टात एकच नोंद निघाली : वडिलांच्या बचत खात्यात वर्षभरात १४,६०,००० रुपये रोख जमा. चालू खाते सोडून इतर खात्यांत एका आर्थिक वर्षात एकूण दहा लाख किंवा त्याहून अधिक रोकड भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. विवरणपत्र नसल्यामुळे ही रक्कम कुठेच दिसली नाही आणि नोटीस निघाली.

कागद खरा की बनावट, हे आधी तपासावे. नोटिसीवर 'DIN' हा क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर तो असावा लागतो. incometax.gov.in वर लॉगिन न करताही 'Authenticate Notice/Order Issued by ITD' येथे तो पडताळता येतो. तुमचा क्रमांक जुळला. नोटिसीचा फोटो कुणाला पाठवताना पॅन आणि खाते क्रमांक झाकत जा.

आता कलम. १४८-ए(१) ची नोटीस म्हणजे कराची मागणी नव्हे. "तुमचे काही उत्पन्न करातून सुटले असावे असे आम्हाला वाटते; जुने प्रकरण का उघडू नये ते सांगा," एवढाच तिचा अर्थ. तुमच्या उत्तरानंतर अधिकारी १४८-ए(३) खाली आदेश काढतो. उत्तर पटले तर विषय तिथेच मिटतो. पटले नाही तर कलम १४८ ची नोटीस येते, विवरणपत्र भरावे लागते आणि पुढे रीतसर तपासणी होते. म्हणून हीच पायरी सगळ्यांत स्वस्त. ती गमावू नये.

वर्षाच्या बाबतीत तुम्हीही इतरांसारखेच गोंधळलात. करनिर्धारण वर्ष २०२२-२३ म्हणजे १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळातले व्यवहार. तुम्ही काढून ठेवलेले पासबुक पुढच्या वर्षाचे होते. सुटलेले उत्पन्न पन्नास लाखांपेक्षा कमी असेल, तर अशी नोटीस करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षांतच काढता येते. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ३१ मार्च २०२६ ला संपत होती, आणि नोटीस १६ मार्चची आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या जुन्या वर्षाचे प्रकरण १९६१ च्या कायद्यानेच चालते.

मुदतीसाठी नोटीसच पाहावी लागते. पूर्वी कायद्यात किमान सात दिवस लिहिलेले होते. सप्टेंबर २०२४ पासून नोटिसीत दिलेली तारीख हीच मुदत. तुमच्याकडे ती ३० मार्च होती. कागद जमत नसतील तर त्या तारखेच्या आधी पोर्टलवरून वाढीव वेळ मागावा आणि कारण लिहावे. बँकेकडे जुना उतारा मागितल्याच्या अर्जाची प्रत जोडली की विनंतीला वजन येते. वेळ मिळेलच असे धरून मात्र बसू नये.

आता वडिलांच्या १४,६०,००० रुपयांचा हिशोब. त्यांच्या सांगण्यानुसार यातले ११,३५,००० दुकानातल्या रोख विक्रीचे. बहिणीच्या लग्नासाठी डिसेंबर २०२१ मध्ये याच खात्यातून काढलेले २,५०,००० कोरोनाच्या निर्बंधांमुळे समारंभ लांबला म्हणून जानेवारीत परत भरले. उरलेले ७५,००० घरातली शिल्लक.

लग्नाचे पैसे सिद्ध करणे सगळ्यांत सोपे. काढल्याची आणि भरल्याची नोंद एकाच उताऱ्यावर, मधले अंतर थोडे, आणि सोबत मंगल कार्यालयाने आरक्षण रद्द केल्याचे पत्र.

विक्रीचे काम मात्र नेटाने करावे लागेल. कलम ४४-एडी खाली छोट्या व्यापाऱ्याला हिशोबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही, पण "ही रोकड विक्रीचीच" हे दाखवावे लागतेच. त्यासाठी गुमास्ता परवाना, दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, रोजच्या गल्ल्याची वही आणि गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्यांची त्या वर्षाची बिले. बिलांची बेरीज आवर्जून करा. यूपीआयचे १,९०,००० धरून विक्री सव्वातेरा लाखांची सांगायची आणि खरेदी चारच लाखांची निघाली, तर अधिकारी बाकीची रोकड कुठून आली हे विचारणारच. बिले हरवली असतील तर त्या व्यापाऱ्यांकडून खातेउतारा घ्या. आज नवी बिले बनवून घेणे हा गुन्हा आहे, आणि जीएसटीच्या नोंदींशी ताडून पाहिले की ते उघडही होते.

रोख विक्रीवर ८ टक्के म्हणजे ९०,८००, यूपीआयच्या विक्रीवर ६ टक्के म्हणजे ११,४००. एकूण नफा १,०२,२००. प्रत्यक्ष नफा जास्त झाला असेल तर तो जास्तच सांगायचा. खात्यावरचे व्याज मिळवूनही एकूण उत्पन्न २,५०,००० च्या करमुक्त मर्यादेत राहिले, म्हणून विवरणपत्र भरले नाही, हे तुमच्या उत्तराचे मुख्य म्हणणे. घरातल्या ७५,००० ला कागदी पुरावा नाही. ते तसेच सरळ लिहा. त्यासाठी रचलेली कहाणी बाकीच्या खऱ्या उत्तरावरचाही विश्वास घालवते.

उत्तरच दिले नाही तर? मग प्रकरण उघडून अधिकारी उपलब्ध माहितीवर निर्णय देऊ शकतो आणि सगळी रोकड कलम ६९-ए खाली 'स्रोत न सांगितलेला पैसा' ठरू शकते. अशा रकमेवर अधिभार व उपकर धरून ७८ टक्के कर बसतो. १४,६०,००० वर तो होतो ११,३८,८००. शिवाय व्याज आणि दंड वेगळे. जेमतेम लाखभर नफा असलेल्या दुकानदाराला हा आकडा आयुष्यभर पुरेल.

उत्तर द्यायला फायली घेऊन सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात खेटे घालण्याची गरज नाही. वडिलांच्या पॅनने लॉगिन करून 'Pending Actions' मधल्या 'e-Proceedings' मध्ये ही नोटीस उघडते. दोन पानी पत्र, तारीखवार रोकड तक्ता आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक दिलेला पुरावा, असे पीडीएफ करून चढवा. मोबाइलवर काढलेले तिरके, कडा कापलेले फोटो पाठवू नका. बँकेचा उतारा वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अखंड हवा. सोयीची पाने निवडून जोडली की संशय वाढतो.

पाठवल्यावर मिळणारी पोच उतरवून ठेवा आणि पोर्टलवर नोंदवलेला ईमेल वडिलांचा आहे की पूर्वी कुणा एजंटाने घातलेला, हे आजच पाहा. १४८-ए(३) चा आदेश त्याच पत्त्यावर येईल.