तिकीट ऑक्टोबरचं, प्रदर्शन नोव्हेंबरचं: 24 तासांत चूक कशी सुधारली?

व्हिडिओमध्ये ही गोष्ट दोन मिनिटांत सांगितली होती, इथे जरा सविस्तर बघू. कारण यात एक नियम आहे, आणि तो माहीत असेल तर हजारो रुपये वाचतात.

कोल्हापुरी चपला बनवणारे एक उद्योजक. दिल्लीला प्रगती मैदानावर दरवर्षी 14 ते 27 नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, तिथे त्यांना पुतण्यासोबत जायचं होतं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये, शुक्रवारी 20 तारखेला रात्री 8.40 ला त्यांनी मोबाईलवरून पुणे–दिल्लीची दोन तिकिटं काढली. थेट विमान कंपनीच्या साईटवरून. तारीख टाकली 14, पण महिना पडला ऑक्टोबर.

असं का होतं? मोबाईलवरचं कॅलेंडर चालू महिन्यापासून उघडतं. आपण बोटाने खाली सरकवतो आणि 14 हा आकडा शोधतो. महिन्याचं नाव तोवर वर सरकून गेलेलं असतं. आकडा बरोबर दिसला की आपण निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला पुतण्याने ईमेल बघितला आणि म्हणाला, "काका, आपण गुरुवारी जाणार ना? यावर तर सोमवार लिहिलाय." चूक पकडली ती वाराने! 14 नोव्हेंबरला गुरुवार होता, 14 ऑक्टोबरला सोमवार.

आता नियम. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, त्या वेळच्या नियमाप्रमाणे बुकिंग केल्यापासून 24 तासांत तिकीट रद्द केलं किंवा बदललं तर कंपनीला त्याचं शुल्क घेता येत नव्हतं. लक्षात घ्या, हे तास रात्री बारापासून मोजत नाहीत, बुकिंग झालं त्या मिनिटापासून मोजतात. म्हणजे काकांकडे शनिवारी रात्री 8.40 पर्यंत वेळ होता. हातात 9 तास 40 मिनिटं.

समोर दोन रस्ते होते: रद्द करायचं की तारीख बदलायची? समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल घेऊ. एका तिकिटाचे 5,400, दोघांचे 10,800. 14 नोव्हेंबरचं भाडं होतं 5,900. बदलाचं शुल्क शून्य असलं तरी भाड्यातला फरक द्यावाच लागतो, म्हणजे 500 गुणिले 2, एकूण 1,000 रुपये. रद्द करून नवं काढलं तरी फरक तेवढाच पडतो. पण रद्द केल्यावर पैसे परत यायला काही दिवस जातात आणि नव्या तिकिटाचे 11,800 आजच भरावे लागतात. चामड्याच्या खरेदीसाठी ठेवलेले पैसे असे अडकवणं काकांना परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी तारीख बदलली.

पैसे भरण्याआधी त्यांनी एक गोष्ट बघितली: बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक हे दोन आकडे वेगवेगळे दाखवलेत का? शुल्क 0 आणि फरक 1,000 दिसला, तेव्हाच पुढे गेले. शुल्क शून्य नसतं, तर आधी कस्टमर केअरला फोन करायचा होता. हेच 24 तासांनंतर लक्षात आलं असतं आणि माणशी 3,000 शुल्क असतं, तर 1,000 च्या जागी 7,000 गेले असते.

आता या नियमाची मर्यादा. बुकिंगच्या तारखेपासून उड्डाण सात दिवसांच्या आत असेल तर ही सवलत मिळत नव्हती. आणि उड्डाण कुठलं धरायचं? तिकिटावर छापलेलं, तुमच्या मनातलं नाही. काकांनी 20 सप्टेंबरला बुकिंग केलं, ऑक्टोबरचं विमान 24 दिवस लांब होतं, म्हणून वाचले. हीच चूक 9 ऑक्टोबरला झाली असती तर छापलेलं उड्डाण पाच दिवसांवर! जायचं महिन्याभराने, तरी सवलत नाही.

दुसरं म्हणजे, एजंट किंवा पोर्टलवरून तिकीट काढलं तर त्यांची स्वतःची फी वेगळी असते आणि ती बहुधा परत मिळत नाही. शिवाय बदलही त्यांच्यामार्फतच करावा लागू शकतो. त्यात तुमचे तास जातात.

तास आणि दिवसांचे आकडे नियमानुसार बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी विमान कंपनीच्या साईटवरचं रद्द करण्याच्या नियमांचं पान वाचा.

आजचं काम: पुढचं तिकीट काढलं की ईमेल उघडा आणि वार, तारीख, महिना शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मोबाईलमध्ये सवलत संपण्याच्या दोन तास आधीचा अलार्म लावा. तिकीट आणि प्रदर्शनाचं पत्र शेजारी ठेवून वार जुळतोय का बघा. वार जुळला नाही, तर महिना तपासा.