अर्धसमासाला उत्तर देताना

अर्धसमास पत्र हातात पडलं की लगेच कपाट उघडू नकोस. आधी मागणी नीट वाच. स्थानिक निधी लेखापरीक्षेची मंडळी अनुक्रमांक टाकून कागद मागतात. तोच अनुक्रमांक तुझ्या सूचीत राहू दे. आपल्या सोयीने नवे आकडे घातलेस, की तपासणाराला तुझी यादी आणि त्याची यादी जुळवत बसावं लागतं, आणि जे जुळत नाही ते सरळ ‘अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत’ म्हणून अहवालात जातं.

समज, भोकरदन तालुक्यातल्या तुझ्या गावचं पंधराव्या वित्त आयोगातलं नालीकाम आहे. मागणी तीनच : नमुना 5 ची रोकडवही, प्रमाणकं 41 ते 58, मोजमाप पुस्तिका. प्रत्येक कागदावर पेन्सिलने पानक्रमांक टाक. सूचीत मागणीचा क्रमांक, कागदाचं नाव, कुठून कुठपर्यंतची पानं, मूळ की साक्षांकित प्रत आणि शेरा, एवढे रकाने पुरेत. ‘प्रमाणकं सोबत’ असं मोघम लिहू नकोस. ‘41 ते 46 आणि 48 ते 58, एकूण 17, पान 1 ते 39’ असं लिही.

आता 47 नंबरचं प्रमाणक सापडत नाही. आपल्याकडे बरेच जण इथेच हात आखडतात आणि बाकीचा गठ्ठा देऊन गप्प बसतात. त्याची ओळ सूचीत ठेव आणि त्रुटींच्या टिपणात सविस्तर लिही : रोकडवहीत कोणत्या तारखेला, किती रकमेची नोंद आहे, बँकेच्या उताऱ्यात ती रक्कम कुणाला गेली, शोध कुठे घेतला. पुरवठादाराकडून बिलाची दुसरी प्रत मिळाली, तर ती जोड, पण तिच्यावर ‘दुय्यम प्रत’ असं ठळक लिही. मागच्या तारखेचं नवं प्रमाणक मात्र करू नकोस. शाई आणि कागद बोलतात, आणि हरवलेल्या कागदाचा आक्षेप बनावट कागदाचा होतो.

मोजमाप पुस्तिकेचं वेगळं. ती हरवलेली नाही, पंचायत समितीच्या अभियंत्याकडे आहे. म्हणून तिला ‘उपलब्ध नाही’ म्हणू नकोस. कुणाकडे आहे, तुझं मागणीपत्र कोणत्या जावक क्रमांकाने आणि कधी गेलं, ते लिही आणि त्याची प्रत लाव. जो कागद कधी झालाच नाही, उदाहरणार्थ न घेतलेला ठराव, त्याला ‘शोध सुरू’ म्हणू नकोस. ‘ठराव घेतलेला नाही’ असंच लिही. हे लिहिताना हात कचरतो, हे मला ठाऊक आहे.

उत्तराच्या पत्राच्या दोन प्रती कर. सूची आणि त्रुटींचं टिपण दोन्ही प्रतींना जोड, आणि आपल्या प्रतीवर सही-तारखेसह पोच घे. पुढे 47 सापडलं, तर त्याच अनुक्रमांकाने, आधीच्या पत्राचा हवाला देऊन पुरवणी म्हणून पाठव.