डाळिंबाच्या मुळांवरील गाठी आणि कलमाच्या पिशवीतील माती

जमिनीतील ओलाव्यात वावरणारे, दोऱ्यासारखे आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जे कृमी पिकांच्या मुळांवर जगतात, त्यांना वनस्पती परजीवी सूत्रकृमी म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्यांचे नाव बहुधा ‘निमॅटोड’ असेच येते. महाराष्ट्रातील डाळिंब बागांना यांपैकी सर्वाधिक जाच होतो तो मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा या प्रजातीचा. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची, काकडी अशा अनेक पिकांवरही ही प्रजाती जगत असल्यामुळे तिला शेतात टिकून राहण्यासाठी डाळिंबाचीच गरज नसते, आणि बागायतदाराच्या अनेक चुकांचे मूळ या एका गोष्टीकडे दुर्लक्ष होण्यात आहे.

या कृमीचे जीवनचक्र समजल्याशिवाय त्याच्या नियंत्रणाचा कोणताही उपाय वेळेवर करता येत नाही. अंड्यातील पिल्लू पहिली कात अंड्यातच टाकते आणि जमिनीत ओल व ऊब मिळताच दुसऱ्या अवस्थेत बाहेर पडते. सुमारे 0.4 मिलिमीटर लांबीचे हे पिल्लू हीच या कृमीची मुळात शिरणारी अवस्था होय. मुळाच्या टोकामागील कोवळ्या भागात, म्हणजे शेतकरी ज्याला ‘पांढरी मुळी’ म्हणतात त्या वाढत्या मुळीत, ते तोंडातील पोकळ सुईच्या साहाय्याने शिरते, पेशींच्या मधून वाट काढत अन्नवाहिन्यांपर्यंत पोहोचते आणि तेथे एका जागी स्थिरावते. त्याने सोडलेल्या स्रावांमुळे आसपासच्या काही पेशींचे केंद्रक वारंवार विभागते, पण पेशी मात्र विभागत नाहीत. त्या अवाढव्य होतात, त्यांना महापेशी म्हणतात, आणि पुढचे सारे आयुष्य कृमी त्यांच्यावरच पोसला जातो. भोवतालच्या ऊती फुगल्यामुळे मुळावर गाठ दिसू लागते. आणखी तीन वेळा कात टाकून पिल्लाची गोलसर, नासपतीच्या आकाराची मादी होते. नराची गरज न लागता ती एका चिकट आवरणात साधारण 200 ते 500 अंडी घालते, आणि हा अंडीपुंज बहुधा मुळाच्या पृष्ठभागावर राहतो. जमिनीचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस असल्यास हे चक्र सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होते. थंडीत ते लांबते, पण थांबतेच असे नाही.

या संख्येचा अर्थ हिशेबाने पाहावा. एका मादीच्या 300 अंड्यांपैकी शंभरात केवळ पाच पिल्ले मादी होईपर्यंत जगली, तर एका पिढीनंतर 15, दुसरीनंतर 225, तिसरीनंतर 3,375 आणि चौथीनंतर सुमारे 50 हजार माद्या होतात. अन्न, जागा आणि नैसर्गिक शत्रू यांच्या मर्यादांमुळे प्रत्यक्षात वाढ इतकी अखंड होत नाही. तरीही लागवडीच्या वेळी नगण्य वाटणारा प्रादुर्भाव दुसऱ्या वर्षी झाड खंगवण्याइतका का वाढतो, याचा उलगडा या हिशेबातून होतो.

हलक्या, मुरमाड जमिनीत ठिबक सिंचनावर ‘भगवा’ वाणाची लागवड केलेल्या बागांत वारंवार घडणारा एक क्रम असा आहे. लागवडीसाठीची गुटी कलमे दोन रोपवाटिकांतून आणली जातात, पहिल्या वर्षी झाडे लहान असल्याने मधल्या पट्ट्यात टोमॅटो किंवा मिरची घेतली जाते आणि दुसऱ्या वर्षी पहिला बहार धरला जातो. ताण तोडून पाणी सुरू केल्यानंतर बागेच्या काही ओळींत फूट कमी येते, पाने लहान व पिवळसर राहतात आणि जमीन ओली असतानाही झाडे दुपारी कोमेजून संध्याकाळी पुन्हा सावरतात. पानांचा पिवळेपणा पाहून प्रथम लोहाची कमतरता समजली जाते व चिलेटेड लोह फवारले जाते. त्याने फरक न पडल्यास मर रोगाचा संशय घेऊन बुरशीनाशकाची आळवणी होते. खताची मात्रा वाढवली जाते, पण फुगलेल्या मुळांतून पाणी व अन्नद्रव्ये वर जातच नसल्याने झाड खताला प्रतिसाद देत नाही. अखेर मुळे उकरली जातात, तेव्हा गाठींच्या माळा दिसतात आणि एक हंगाम हातचा गेलेला असतो.

मर रोग आणि सूत्रकृमी यांच्यात गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही रोग पुष्कळदा एकत्र आढळतात आणि कृमीने जखमी केलेल्या मुळांत सिरॅटोसिस्टिस या मर रोगाच्या बुरशीला शिरणे सोपे जाते. तरीही दोहोंत फरक करता येतो. मर रोगात बहुधा एखादी फांदी आधी पिवळी पडून वाळते, मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सारे झाड जाते, आणि खोडाचा आडवा छेद घेतल्यास लाकडात तपकिरी-करडे पट्टे दिसतात. केवळ सूत्रकृमी असल्यास लाकूड स्वच्छ असते, ऱ्हास सावकाश होतो आणि संपूर्ण झाड सारखेच खंगते. मुळे पाहतानाही एक काळजी घ्यावी लागते. मधल्या पट्ट्यात हरभरा किंवा ताग यांसारखे द्विदल पीक असल्यास त्याच्या मुळांवरील जिवाणूंच्या गाठी पाहून भीती वाटू शकते. परंतु त्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, म्हणून मूळ तोडल्याशिवाय ती वेगळी करता येत नाही.

वर वर्णन केलेल्या बागेत कृमी जमिनीत आधीपासून होता की कलमांबरोबर आला, हे ठरवण्यासाठी खंगलेल्या झाडांची मांडणी पाहावी लागते. जमिनीतील जुना प्रादुर्भाव साधारणपणे ठिगळांसारखा पसरलेला असतो आणि तो ओळींची पर्वा करत नाही. पण एकाच रोपवाटिकेची कलमे लावलेल्या ओळी खंगल्या असतील आणि शेजारच्या, दुसऱ्या ठिकाणच्या कलमांच्या ओळी निरोगी असतील, तर कृमी कलमांबरोबर आला असे मानण्यास सबळ आधार मिळतो. झाड हलकेच उकरल्यावर सर्वात जुन्या व मोठ्या गाठी पिशवीतील मूळ मातीच्या गोळ्याभोवती आढळल्यास हा निष्कर्ष आणखी पक्का होतो. कृमी स्वतः वर्षभरात जेमतेम मीटरभर अंतर कापतो. दूरचा प्रवास त्याला माणूस, पाणी आणि औजारे घडवतात.

गुटी कलमाची मुळे झाडावरच, कोकोपीट किंवा शेवाळ यांत फुटतात, त्यामुळे ती त्या वेळी स्वच्छ असतात. गुटी उतरवून पिशवीत लावताना त्यात भरलेली माती जर जुन्या भाजीपाल्याच्या शेतातून किंवा प्रादुर्भावग्रस्त बागेतून आणलेली असेल, तर कृमी तेथेच शिरतो. म्हणून नियंत्रणाचा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा टप्पा रोपवाटिकेत असतो. एप्रिल-मे महिन्यांत पिशवीत भरायची माती 10 ते 15 सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरून ओली करावी, 25 मायक्रॉन जाडीच्या पारदर्शक पॉलिथीनने कडा मातीत दाबून झाकावी आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यावी. काळे पॉलिथीन येथे चालत नाही, कारण ते उष्णता स्वतःच शोषते. कोरडी माती तापवण्याचाही फारसा उपयोग नाही, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि कृमी निद्रिस्त न राहता जागे असल्याने लवकर मरतात.

लागवडीआधी शेत तपासण्यासाठी प्रयोगशाळेखेरीज एक सोपी चाचणीही आहे. शेताच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवरील माती घेऊन कुंड्यांत भरावी, प्रत्येकीत काकडीचे बी किंवा टोमॅटोचे रोप लावावे आणि पाच-सहा आठवड्यांनी मुळे धुऊन पाहावीत. गाठी दिसल्या तर शेतात कृमी आहे; न दिसल्या तर तो नसल्याचा हा संपूर्ण पुरावा होत नाही, पण नमुने पुरेसे असल्यास प्रादुर्भाव फार नसल्याचे कळते. प्रयोगशाळेत पाठवायची माती ठिबकच्या ओल्या भागातून, बारीक मुळांसह घ्यावी आणि प्लास्टिकच्या पिशवीत सावलीत ठेवून लवकर पोहोचवावी. उन्हात तापलेल्या नमुन्यातील कृमी मरतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

उभ्या बागेतून सूत्रकृमीचे समूळ उच्चाटन होत नाही, संख्या खाली आणता येते, आणि त्यासाठी वेळ महत्त्वाची असते. ताण तोडल्यावर पहिल्या पाण्याबरोबर पांढरी मुळी सुटते आणि नेमकी तेव्हाच पिल्लांना आत शिरण्याची वाट मिळते, म्हणून उपचार त्याच्या आधी किंवा त्या सुमारास व्हावा, फळे पोसत असताना नव्हे. प्रत्येक झाडाला ठिबकच्या ओल्या पट्ट्यात सुमारे 2 किलो निंबोळी पेंड मातीत मिसळणे ही रुळलेली शिफारस आहे, 4.5 × 3 मीटर अंतरावरील लागवडीत हेक्टरी सुमारे 740 झाडे बसतात, म्हणजे हेक्टरी जवळजवळ दीड टन पेंड लागते, आणि हा खर्च आधीच धरावा लागतो. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी कृमीच्या अंड्यांवर जगते. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून वाढवावी आणि मग झाडाला द्यावी. तिच्या आगेमागे बुरशीनाशकाची आळवणी केली तर सारी मेहनत वाया जाते. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये कृमीला घातक असतात आणि अनेक वाणांत मुळात शिरलेली पिल्ले पूर्ण वाढत नाहीत. मात्र झेंडू दाट व दोन-तीन महिने उभा असावा, बांधाला चार रोपे लावून परिणाम दिसत नाही. मधल्या पट्ट्यातील टोमॅटो, वांगी, भेंडी आणि मिरची मात्र पूर्ण बंद करावी लागतात, कारण प्रत्येक हंगामात ती कृमीची नवी पिढी वाढवतात.

रासायनिक उपायांबाबत जुनी सवय सोडणे भाग आहे. डाळिंब बागांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या फोरेटवर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, तरी कोठे कोठे त्याचा सल्ला अजून दिला जातो. फ्लुओपायरम व फ्लुएन्सल्फोन ही नवी सूत्रकृमिनाशके परिणामकारक आहेत, पण ज्या पिकासाठी लेबलवर नोंद आहे त्यावरच, लेबलवरील मात्रेत आणि काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाळूनच ती वापरता येतात. निर्यातीच्या फळांत अवशेष आढळल्यास संपूर्ण खेप नाकारली जाऊ शकते. मेलेले झाड उपटताना बारीक मुळे जमिनीत ठेवू नयेत, कारण त्यांवरील अंडीपुंज टिकून राहतात. ती गोळा करून जाळावीत आणि त्या खड्ड्यात लगेच नवे कलम लावू नये.

नवी बाग लावणाऱ्याने कलमांच्या प्रत्येक गटातील चार-पाच पिशव्या विकत घेऊन फाडाव्यात, मुळे पाण्यात धुऊन भिंगाखाली पाहावीत, आणि जी रोपवाटिका ही तपासणी करू देत नाही तिचे कलम घेऊ नये.