ग्राहक नसेल तर तसं लिहा

गास-सोपारा पट्ट्यात फ्लॅट स्वतः विकायला काढणारे मालक वाढलेत. मी याच भागात एजंटचं काम करतो. तरी अशा मालकाला आपली माणसं पहिला मेसेज कसा टाकतात, हे मला नीट दिसलं ते माझ्या मावसबहिणीच्या मोबाइलवर. तिनं गासजवळचा वन बीएचके विकायला काढला, ऑनलाइन जाहिरात टाकली आणि संध्याकाळी मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘‘यातलं खरं कोण ते तूच सांग.’’

जवळपास प्रत्येक मेसेजचा सूर एकच होता. ‘पार्टी रेडी आहे, लोन मंजूर आहे, लास्ट प्राइस सांगा.’ कुणी नाव दिलं नव्हतं, कुणी आपण एजंट आहोत हे लिहिलं नव्हतं. तिनं त्यातल्या एकाला उलट लिहिलं, ‘उद्या सकाळी घेऊन या.’ त्यावर आधी पार्टी गावाला गेली, मग पार्टीला वास्तू पटेना, आणि शेवटी ‘मॅडम, आधी फोटो आणि अ‍ॅग्रीमेंटची कॉपी पाठवा’ असं आलं. तिनं फोटो पाठवले.

नुकसान तिथून सुरू झालं. तिची अपेक्षा ३८ लाखांची होती. तेच फोटो दुसऱ्या जाहिरातींत दिसू लागले, एकीकडे ४१ लाखांना आणि दुसरीकडे ३५ लाखांना. जास्तीचा आकडा टाकणाऱ्याला वरचे पैसे काढायचे असतात. कमीचा टाकणाऱ्याला फक्त फोन यायला हवे असतात, कारण आलेल्या माणसाला मग तो दुसरे फ्लॅट दाखवतो. मालकाच्या पदरात काय पडतं? खरा घेणारा येतो तो तिन्ही जाहिराती बघून, आणि बोलणी ३५ पासून सुरू करतो. हाच फ्लॅट तीन ठिकाणी दिसतो, म्हणजे मालक अडलेला आहे, असंही तो धरून चालतो.

म्हणून नव्यानं धंद्यात येणाऱ्या पोरांना मी सांगतो, ग्राहक हाताशी नसेल तर पहिल्या मेसेजमध्ये तसं लिहा. त्यांना हे वेडेपणाचं वाटतं. पण ‘पार्टी रेडी’ हे मालकानं दिवसभर वाचलेलं असतं, ‘सध्या ग्राहक नाही’ हे कुणीच लिहिलेलं नसतं. शिवाय खोट्या पार्टीचं सोंग दुसऱ्या फोनपर्यंतच टिकतं.

दुसरी गोष्ट, मेसेजमध्ये मालकाला आपल्याशिवायही वापरता येईल असं काहीतरी द्या. ते त्याच्याच जाहिरातीत सापडतं. बहिणीनं ‘५८० चौ. फूट’ एवढंच लिहिलं होतं. तिच्या जुन्या करारात तो बिल्टअप एरिया होता. नेहमीच्या १.२ च्या हिशेबानं कार्पेट ४८० च्या आसपास भरतं. घेणारा आज कार्पेटवर भाव काढतो आणि बँकेचा माणूस टेप घेऊन मोजतो. शंभर फुटांचा फरक घरात उभं राहून कळला की बोलणं तिथेच मोडतं. ‘बिल्टअप की कार्पेट ते जाहिरातीत लिहा’ हे सांगायला एक ओळ पुरते, आणि त्याची जाहिरात आपण खरंच वाचली याची ती खूण असते.

आमच्याकडे घेणाऱ्याचे पहिले प्रश्न ठरलेले: लोन होतं का, आणि पाणी कसं आहे. पाण्यात टँकरही आला आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारंही. वसई-विरारमध्ये ओसी नसलेल्या इमारती पुष्कळ, बनावट परवानग्यांची प्रकरणंही गाजलेली, त्यामुळे कर्जाच्या प्रश्नावरच निम्मे सौदे अडतात. इमारतीत आधी कुठल्या बँकेनं कर्ज दिलंय, हे सोसायटीच्या सेक्रेटरीकडच्या तारण नोंदींवरून कळतं. ती माहिती मालकानं आधी काढून ठेवली तर त्याचे हेलपाटे वाचतात. पण ही सूचना पहिल्या मेसेजमध्ये नको, ती धमकीसारखी वाचली जाते: ‘तुमच्या इमारतीत गडबड आहे, आमच्याशिवाय विकणार नाही.’ त्यानं विचारलं की सांगावं. कागदांचे फोटोही पहिल्या मेसेजमध्ये मागू नयेत. अनोळखी माणसाला करार पाठवायला कचरणारा मालक शहाणाच म्हणायचा.

मी आता साधारण असं लिहितो:

‘नमस्कार. गासजवळच्या तुमच्या वन बीएचकेची जाहिरात पाहिली. मी अमुक, इथलाच एजंट, महारेरा नोंदणी क्रमांक अमुक. सध्या माझ्याकडे या फ्लॅटसाठी ग्राहक नाही. जाहिरातीत ५८० फूट आहे, ते बिल्टअप की कार्पेट ते लिहिलंत तर बघायला येणाऱ्यांशी वाद होणार नाही. तुमच्या भागात अलीकडे नोंदलेल्या व्यवहारांचे आकडे हवे असतील तर पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. ग्राहक तुम्ही शोधलात आणि फक्त करार, नोंदणी, सोसायटी ट्रान्सफर यात मदत हवी असेल, तर तेवढंच कामही करतो, त्याची फी आधी सांगेन. नको असेल तर उत्तर देऊ नका, मी परत मेसेज करणार नाही.’

शेवटचं वाक्य लिहिलं की पाळावंच लागतं. आठवड्यानं ‘सर, काय विचार केला?’ असं गेलं की वरचं सगळं वाया. जाहिरातीत ‘ब्रोकर क्षमस्व’ असेल तर मी लिहितच नाही. एजंटांना मनाई असलेल्या साइटवरून उचललेल्या नंबरवरही नाही. नको असलेल्या धंदेवाईक फोन-एसएमएसची तक्रार १९०९ वर होते, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक रिपोर्ट करून मोकळे होतात आणि आपला धंद्याचा नंबर बंद पडू शकतो. रविवारी सकाळी तर काहीच पाठवू नये. गासमधली बरीच ख्रिस्ती घरं तेव्हा मिस्साला गेलेली असतात.

नोंदणी क्रमांकाबद्दल काही सहकारी कुरकुरतात. जुन्या, महारेरात न नोंदलेल्या इमारतीतल्या फेरविक्रीला तो कशाला, म्हणतात. सक्ती नसेलही. पण २०२३ मध्ये महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. ती दिलेल्या माणसाचा नंबर मालकाला महारेराच्या साइटवर स्वतः तपासता येतो. आमच्याकडे विक्रीत दलाली सहसा एक-दोन टक्के. हा रिवाज आहे, कायद्यानं ठरवलेला दर नव्हे. ३८ लाखांवर एक टक्का म्हणजे ३८ हजार. एवढे पैसे मागणाऱ्याचा नंबर तपासता येऊ नये?

उत्तर आलं तर बहुतेक एकच प्रश्न असतो, ‘किती येतील?’ इथे आकडा फेकायचा मोह आवरावा. जास्त सांगून फ्लॅट पदरात पाडून घेणं आणि मग महिन्या-महिन्यानं मालकाला खाली उतरवणं, ही जुनी चाल आहे. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स-२ शोधता येतो. त्यातून त्याच रस्त्यावरचे दोन-तीन व्यवहार काढावेत, नावं गाळून फक्त वर्ष, क्षेत्र आणि किंमत पाठवावी. सोबत हेही लिहावं की क्षेत्र कुठे कार्पेट, कुठे बिल्टअप नोंदलेलं असतं, आणि काही ठिकाणी कागदावरची किंमत प्रत्यक्षापेक्षा कमी असू शकते. जाहिरातींतल्या भावांवरून अंदाज बांधू नये, ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. बहिणीला मी असेच आकडे काढून दिले. तिनं जाहिरातीत कार्पेट लिहिलं, भाव ३७ केला आणि इतरत्र फिरणारे फोटो काढून टाकण्यासाठी त्या साइटांकडे तक्रारी केल्या. एक जाहिरात मात्र बरेच दिवस हटली नाही, ३५ लाखांचीच.