जमिनीवरची गादी: दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी

मूल पाळण्याच्या किंवा कॉटच्या कठड्यावर पाय टाकायला लागलं, की गादी जमिनीवर आणायची वेळ झाली. आपल्याकडे खाली झोपण्यात नवल नाही. नवीन असतं ते एवढंच, की रात्री मूल उठलं तर त्याला अडवायला काही उरत नाही. म्हणून आधी खोली, मग गादी.

दिवसा दार लावून स्वतः जमिनीवर आडवे व्हा आणि तिथून हाताला काय काय लागतं ते बघा. खालच्या सॉकेटला झाकण हवं. पडद्याची दोरी वर गुंडाळून बांधा. डास पळवणारं लिक्विडचं यंत्र बहुतेक घरांत नेमकं खालच्या प्लगला असतं. ते काढा, कारण आतलं द्रव पोटात गेलं तर विषारी असतं. कॉइल तर नकोच, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा.

सगळ्यात जास्त वेळ कपाटाला द्या. खणांचं कपाट असेल तर मूल खण ओढून त्यांची शिडी करतं आणि कपाट अंगावर येतं. मागच्या बाजूला, वरच्या भागात दोन एल-पट्ट्या लावून ते स्क्रूने भिंतीला पक्कं करा. मग वरचा खण उघडून जोरात ओढून बघा. जरासुद्धा झुकलं तर काम झालेलं नाही. खिडकीला जाळी हवी आणि तिच्याखाली चढता येईल असं स्टूल नको.

गादी काथ्याची किंवा तशीच घट्ट, चार बोटं जाडीची. ती भिंतीला अगदी चिकटवा, नाहीतर चांगली हातभर लांब ठेवा. मधली अर्धवट फट अंग अडकण्याची जागा असते.

आता दार. बाहेरून कडी लावू नका. मूल घाबरतं आणि आग लागली तर अडकतं. दाराच्या चौकटीत बेबी गेट लावा. बाथरूमचं दार मात्र रात्री बंदच ठेवा, भरलेली बादली तिथेच असते.

पहिल्या काही रात्री झोप लांबते. मूल उठून येतं, गेटला धरून हाका मारतं. दिवा न लावता, गप्पा न मारता परत गादीवर न्या. दर वेळी तेच एक वाक्य बोला, ‘आता झोपायची वेळ’. अर्धा तास खेळच चालू असेल तर दोष बहुधा खेळण्यांचा. एखाद-दुसरं पुस्तक ठेवून बाकी सगळं बाहेर न्या. दाराशीच झोप लागलेली सापडली तर उठवू नका, तिथे एक सतरंजी कायमची घालून ठेवा.

पावसाळ्यात गादी रोज सकाळी उभी करा, खालून बुरशी धरते.