दोन अक्षांचा आलेख : उलाढाल आणि नफ्याची टक्केवारी यांची फसवी भेट

संस्थेच्या वार्षिक अहवालात अलीकडे एक आलेख हमखास आढळतो. वर्षागणिक उभे स्तंभ उलाढाल दाखवितात आणि त्यांच्यावरून एक रेषा नफ्याची टक्केवारी सांगत जाते. डाव्या अक्षावर लाख रुपये असतात, उजव्या अक्षावर टक्के. आपल्यापैकी अनेकजण आज पतसंस्था, बचत गट, लघुउद्योग किंवा कार्यालये यांत जबाबदारीच्या जागी आहेत. असा आलेख पाहूनच कर्ज, विस्तार किंवा भाववाढ यांविषयीचे निर्णय सभेत होतात. म्हणून या आलेखात दृष्टी कोठे फसते, हे एका उदाहरणाने तपासून पाहू.

समजा, मसाले तयार करणाऱ्या एका लहान उद्योगाचे पाच वर्षांचे आकडे असे आहेत :

| वर्ष | उलाढाल (लाख रु.) | नफ्याची टक्केवारी |
|---|---|---|
| पहिले | ४० | १२ |
| दुसरे | ४४ | ११ |
| तिसरे | ५० | १० |
| चौथे | ५५ | ९ |
| पाचवे | ६० | ८.५ |

शाळेत आलेखकागदाच्या कोपऱ्यात आपण 'प्रमाण' लिहीत असू : क्ष-अक्षावर १ सेंमी म्हणजे इतके, य-अक्षावर १ सेंमी म्हणजे इतके. सारे रहस्य त्या प्रमाणातच आहे. १० सेंमी उंचीचा आलेख घेऊ. डाव्या अक्षावर ० ते ८० लाख धरले, तर उलाढालीचे स्तंभ ५ सेंमीपासून ७.५ सेंमीपर्यंत चढतात. हे स्तंभ पुढे असेच ठेवू आणि केवळ उजव्या अक्षाचे प्रमाण बदलून पाहू.

उजव्या अक्षावर ० ते १६ टक्के धरले, तर रेषा ७.५ सेंमीवरून ५.३ सेंमीवर उतरते. तिसऱ्या वर्षी ती स्तंभाच्या माथ्याला नेमकी टेकते आणि पुढे त्याच्या खाली जाते. पाहणारा म्हणतो, 'तिसऱ्या वर्षी उद्योगाची दिशा बदलली.' आता उजवा अक्ष ० ते ५० टक्के करू. रेषा २.४ सेंमीवरून १.७ सेंमीवर येते, म्हणजे पाच वर्षांत जेमतेम ७ मिलिमीटर उतरते. ती स्तंभांच्या माथ्यांना कोठेही भेटत नाही. पाहणारा म्हणतो, 'विक्री वाढली, टक्केवारी जवळपास स्थिर राहिली.' शेवटी उजवा अक्ष ८ ते १२ टक्के ठेवू. रेषा १० सेंमीवरून सव्वा सेंमीवर कोसळते आणि सभेत घबराट पसरते.

तिन्ही आलेखांतील आकडे एकच आहेत. एकही आकडा खोटा नाही, दोन्ही अक्षांवर अंक स्पष्ट लिहिलेले आहेत. तरीही तीन वेगळ्या कथा निर्माण झाल्या. कारण रुपये आणि टक्के यांना जोडणारे कोणतेही स्वाभाविक प्रमाण नाही. ५० लाख रुपये आणि १० टक्के एकाच उंचीवर यावेत, हे आकड्यांनी ठरविलेले नसते. ते आलेख काढणाऱ्याने, किंवा त्याच्या नकळत संगणकाने ठरविलेले असते. म्हणून रेषा आणि स्तंभ कोठे भेटतात, त्यांच्यात किती अंतर आहे, कोण अधिक वेगाने चढते वा उतरते, या तिन्ही गोष्टींना अशा आलेखात अर्थ नसतो. दुर्दैवाने आपली दृष्टी प्रथम त्याच गोष्टी टिपते.

हे अंतर अर्थपूर्ण केव्हा असते, हे पाहण्यासाठी या कलेच्या आरंभाकडे जाता येईल. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशी असलेल्या इंग्लंडच्या व्यापाराचा आलेख आहे. त्यात आयात आणि निर्यात या दोन रेषा आहेत, पण दोन्ही पौंडांतच मोजलेल्या आणि एकाच प्रमाणावर काढलेल्या. त्यामुळे दोन रेषांमधील अंतर म्हणजे प्रत्यक्ष व्यापारशेष, आणि रेषा जेथे छेदतात तेथे तो शेष खरोखरच शून्य होतो. उलाढाल आणि टक्केवारी यांच्या छेदबिंदूला असा कोणताही अर्थ देता येत नाही.

दुसरा धोका शून्याचा आहे. स्तंभाचे मूल्य त्याच्या लांबीवरून वाचले जाते, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा लागतो. रेषेचे मूल्य तिच्या स्थानावरून वाचले जाते, त्यामुळे तिचा अक्ष ८ पासून सुरू केला तरी एरवी चालते. पण दोन्ही एकाच चौकटीत आले की पाहणारा तळाची एकच आडवी रेषा दोघांचेही शून्य समजतो. वरील तिसऱ्या आलेखात म्हणूनच नफा जणू संपत आला, असा भास होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नफा वाढला की घटला? दोन अक्षांच्या आलेखात याचे उत्तरच नाही. ते मिळविण्यासाठी दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो. ४० लाखांचे १२ टक्के म्हणजे ४.८० लाख. पुढील वर्षांत हा नफा ४.८४, ५.००, ४.९५ आणि ५.१० लाख होतो. म्हणजे नफा कोसळलेला नाही, पण उलाढालीबरोबर वाढलेलाही नाही. विक्री २० लाखांनी वाढली आणि नफा केवळ ३० हजारांनी. वाढीव विक्रीवर मिळालेला नफा अवघा दीड टक्का! पुढेही वाढ याच चालीने होणार असेल आणि आणखी २० लाखांच्या विक्रीसाठी ५ लाखांचे कर्ज १२ टक्के दराने काढले, तर वर्षाचे व्याजच ६० हजार होईल. विस्ताराच्या निर्णयाला हवी असलेली ही गोष्ट चढत्या स्तंभांत आणि उतरत्या रेषेत लपून राहिली होती.

मग आलेख कसा काढावा? एकाखाली एक असे तीन लहान आलेख काढावेत : वर उलाढाल, मध्ये रुपयांतील नफा, खाली टक्केवारी. वर्षांचा आडवा अक्ष तिघांचा एकाच रेषेत ठेवावा. प्रत्येकाला आपले प्रमाण मिळते, पण खोटी भेट घडत नाही. जागा कमी असेल, तर स्तंभांवर टक्केवारीचा आकडा नुसता लिहिला तरी पुरते. पाच वर्षांसाठी साधे कोष्टकही उत्तम.

कोणी दोन अक्षांचा आलेख समोर ठेवलाच, तर एक्सेलमध्ये त्याची परीक्षा सोपी आहे. उजव्या अक्षावर दोनदा क्लिक करून `Format Axis` उघडावे आणि `Bounds` खालील `Minimum` व `Maximum` हे आकडे बदलून पाहावेत. ज्या निष्कर्षाची चर्चा चालली आहे तो या बदलाने नाहीसा होत असेल, तर तो आकड्यांतून नव्हे, प्रमाणातून आलेला होता. हे आकडे स्वयंचलित ठेवलेले असतील, तर नव्या वर्षाची भर पडताच संगणक ते स्वतःच बदलू शकतो. त्यामुळे गतवर्षीच्या आणि यंदाच्या अहवालांतील आलेखांची तुलनाही फसवी ठरते.

दोन अक्ष सर्वत्र वर्ज्य नाहीत. एकाच तापमानासाठी डावीकडे सेल्सिअस आणि उजवीकडे फॅरनहाइट लिहिले, तर दोन्ही अक्ष निश्चित सूत्राने बांधलेले असतात आणि एकाचे प्रमाण ठरले की दुसऱ्याचे आपोआप ठरते. उलाढाल आणि नफ्याची टक्केवारी यांच्यात असे सूत्र नाही. त्यांना जोडणारी राशी म्हणजे रुपयांतील नफा, आणि अहवालात तीच स्वतंत्रपणे दाखविलेली असावी.