लोहाचा द्वारपाल : रक्तक्षयाच्या तपासणीविषयी

दापोली परिसरातील रुग्णांचे नातेवाईक आम्हांस पुष्कळदा विचारतात, "रक्त कमी आहे ना, मग लोहाच्या गोळ्या द्या, आणखी तपासण्या कशाला?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही.

आपले शरीर आहारातून दररोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र त्यात नाही. म्हणून सारे नियंत्रण प्रवेशद्वारापाशीच होते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक तेथील द्वारपाल होय. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून रक्तात येणारे लोह रोखले जाते. साठा घटला की ते कमी होते व दार उघडते. आत आलेले लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन अस्थिमज्जेकडे वाहून नेते. उरलेले फेरिटिनच्या रूपाने साठवले जाते.

उदाहरणादाखल, अनवाणी भातलावणी करणाऱ्या एका स्त्रीचे हिमोग्लोबिन ८, फेरिटिन ६ आणि ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता ८ टक्के आहे, असे समजू. येथे कोठार रिकामे आहे. पायाच्या त्वचेतून शिरलेले अंकुशकृमी आतड्यात रक्त शोषतात, किंवा मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो. ते कारण दूर करून लोह द्यावयाचे. एका मात्रेनंतर सुमारे २४ तास हेप्सिडिन वाढलेले राहते, म्हणून गरोदर नसलेल्या स्त्रीस गोळी एक दिवसाआड दिल्यास प्रत्येक गोळीतील लोह अधिक शोषले जाते. गोळीसोबत चहा घेऊ नये. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात.

दुसऱ्या रुग्णास दीर्घकालीन संधिवात आहे. हिमोग्लोबिन ९, संपृक्तता १० टक्के. परंतु फेरिटिन ३००. दाहामुळे हेप्सिडिन वाढून लोह कोठारातच अडकले आहे. पोटातून दिलेल्या गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. मूळ विकारावरच उपचार करावे लागतात. दाह असताना फेरिटिन वाढते. त्यामुळे केवळ त्याच्या आकड्यावरून लोह पुरेसे आहे असे मानता येत नाही.

तिसरा, थॅलसेमियाचा बालरुग्ण. त्याला दिलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शिवाय या विकारात अस्थिमज्जेच्या संकेताने हेप्सिडिन दबलेले राहू शकते, म्हणजे कोठार भरूनही दार उघडे. हे लोह हृदय व यकृतात साचते. अशा बालकास लोहाची गोळी अपायकारक ठरते. त्यास लोह बाहेर काढणारे औषध नियमित द्यावे लागते.

तिघांचाही चेहरा फिकटच दिसतो. म्हणूनच गोळी सुरू करण्यापूर्वी फेरिटिन व संपृक्तता या दोन्ही तपासण्या एकत्र पाहाव्या, आणि पूर्वीचे अहवाल व रक्त दिल्याच्या नोंदी नातेवाइकांनी सोबत आणाव्यात, अशी आमची विनंती आहे.